तान्ह्या बाळाला वेदना का? इस्लामी धर्मविचारातला हा वाद पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा सव्वा वर्षाचा असताना मेंदूज्वराने गेला. अकरा दिवस तो इस्पितळात होता. त्यातले शेवटचे चार दिवस आम्ही काचेपलीकडून पाहिले. घरी भेटायला आलेल्यांपैकी एक वडीलधारे म्हणाले, "अल्लाहने परीक्षा घेतलीय." दुसरे म्हणाले, "आपल्याच हातून काहीतरी घडलेलं असतं." एक बाई म्हणाल्या, "तो जन्नतमध्ये आईबापाची वाट बघत बसेल." रात्री सगळे गेल्यावर बहिणीने मला विचारलं, "आपा, परीक्षा माझी, मग ताप त्याला का?"

तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी वाचायला बसले. तीन वर्षं वाचलं, आणि त्यातलं पहिलं दीड वर्ष चुकीच्या क्रमाने वाचल्यामुळे वाया गेलं. बहिणीचा प्रश्न हजार वर्षांपूर्वी बसरा आणि बगदादमध्ये जवळजवळ याच शब्दांत विचारला गेला होता, आणि तिथेही वादाच्या मध्यभागी तान्ही मुलंच होती, हे मला फार उशिरा कळलं. जो क्रम मला आधी कोणी सांगायला हवा होता, तो खाली देते.

## सुरुवातीला जवळ काय ठेवाल

- कुरआनचा तुम्हाला सहज वाचता येईल असा अनुवाद. मराठीत आहे, उर्दू-हिंदीतही आहे. आयतींचे क्रमांक असलेला घ्या, कारण सगळे संदर्भ क्रमांकानेच येतात.
- एक वही. प्रत्येक विद्वानासाठी एक पान ठेवा आणि वर त्याचं गाव आणि मृत्यूचं साल लिहा. सारखी नावं फार आहेत. साल लिहिलेलं नसलं की कोण कोणाला उत्तर देतोय ते कळेनासं होतं.
- इसवी आणि हिजरी दोन्ही सालं ओळखण्याची सवय. या वादातल्या एका मोठ्या पंथाचे मूळ पुरुष अशअरी, त्यांचा मृत्यू 324 हिजरीत, म्हणजे 935-36 मध्ये. दोन सालं बघून ती दोन वेगळी माणसं आहेत असं मी बरेच दिवस समजत होते.

अरबी यायलाच हवी असं नाही. सहा-सात शब्द नीट कळले तर पुष्कळ पुढे जाता येतं, आणि त्यातले काही आपल्या मराठीत आधीच येऊन बसलेत.

## पायरी 1 : दुःख कोणाचं, ते आधी ठरवा

"जगात दुःख का?" एवढा मोठा प्रश्न घेऊन ग्रंथ उघडलात तर हाती काही लागणार नाही. धर्मशास्त्राची चर्चा करणारे हे पंडित, म्हणजे 'कलाम' नावाच्या शास्त्राचे लोक, आधी वेदना कोणाला होतेय ते विचारतात.

ज्याच्यावर धर्माची कर्तव्यं लागू झाली आहेत, म्हणजे जो वयात आलेला आणि शहाणा आहे, तो 'मुकल्लफ'. हा शब्द आपल्या 'तकलीफ'च्याच घरातला आहे. अरबीत तकलीफ म्हणजे कर्तव्याचं ओझं घालणं. मुकल्लफ माणसाच्या दुःखाला शिक्षा, कसोटी, इशारा अशी बरीच कारणं देता येतात. तान्हं बाळ मुकल्लफ नाही. त्याच्याकडे पाप नाही, कसोटीला उतरण्याची समज नाही. जनावराचंही तसंच. म्हणून या वादातली खरी अवघड उदाहरणं दोनच, मूल आणि जनावर. शिक्षा किंवा परीक्षा या उत्तरांनी ज्याची सोय लागत नाही, तिथेच प्रत्येक पंथाचा कस लागतो.

इथला खड्डा आधीच सांगते. कुरआनात 42:30 ही आयत आहे: तुमच्यावर जी आपत्ती येते ती तुमच्या हातांनी कमावलेल्यामुळे येते, आणि तो बरंच काही माफही करतो. आमच्या घरी आलेल्या दुसऱ्या गृहस्थांच्या मनात हीच आयत असणार. पण मुलाच्या हातांनी काय कमावलेलं असणार? आयतीतला 'तुम्ही' म्हणजे ज्याला जाब विचारता येतो तो. ही आयत मुकल्लफाच्या पानावर लिहा. ती पाळण्याशेजारी उभं राहून म्हणू नका.

## पायरी 2 : 'जुल्म' म्हणजे काय, ते प्रत्येकाला विचारा

माझं दीड वर्ष वाया गेलं ते ही पायरी गाळल्यामुळे. सगळेच जण म्हणतात की देव न्यायी आहे. कुरआनही म्हणतं की तो कणभरही जुल्म करत नाही (4:40). भांडण आहे ते त्या शब्दाच्या अर्थावरून. आपला 'जुलूम' तोच, आणि 'अदालत' ज्या 'अद्ल'वरून आली तो अद्ल म्हणजे न्याय.

एक बाजू म्हणते: जुल्म म्हणजे अशी इजा, जी पात्र नसलेल्याला दिली, जिच्यातून त्याला तेवढा लाभ नाही आणि जिच्यामुळे त्याची मोठी हानीही टळत नाही. अशी इजा कोणीही केली तरी वाईटच, मग करणारा माणूस असो की देव. ती वाईट आहे हे बुद्धीला आपोआप कळतं, त्यासाठी ग्रंथ लागत नाही. ही मुअतझिला नावाच्या पंथाची बाजू. ते स्वतःला 'अद्ल आणि तौहीदवाले' म्हणवत, म्हणजे न्यायाचे आणि देवाच्या एकपणाचे लोक.

दुसरी बाजू म्हणते: जुल्म म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेत हात घालणं, किंवा आपल्या वरच्याने आखलेली रेघ ओलांडणं. सगळं देवाचंच आहे आणि त्याच्या वर कोणी नाही, तेव्हा त्याच्या कोणत्याही कृतीला हा शब्द लागूच पडत नाही. ही अशअरी आणि त्यांच्या अनुयायांची बाजू, त्या अनुयायांनाही अशअरीच म्हणतात.

वहीच्या प्रत्येक पानावर त्या विद्वानाची व्याख्या पहिल्या ओळीत लिहा. पुढची बहुतेक मतं तिच्यातूनच निघालेली दिसतील.

बुद्धीला चांगलं-वाईट आपोआप कळतं की नाही, या भांडणात आपल्याकडचेही लोक येतात. कलामच्या ग्रंथांत 'बराहिमा' म्हणजे ब्राह्मण नावाचा एक पक्ष आहे. प्रेषित मानत नसूनही चांगलं-वाईट जाणणारे, असं त्यांचं चित्र. मुअतझिला म्हणत, बघा, ग्रंथ न पोचलेल्यांनाही खोटं बोलणं वाईट हे कळतं. अशअरी उलट म्हणत, पण हेच लोक जनावर कापणं वाईट मानतात आणि आपण मानत नाही, मग बुद्धीची एकवाक्यता कुठे राहिली? हे चित्र वादापुरतं रंगवलेलं आहे. आपल्या शेजारच्या ब्राह्मणांची माहिती म्हणून ते वाचायचं नाही.

## पायरी 3 : टाकून दिलेली उत्तरंही वाचा

दोन उत्तरं लवकरच मागे पडली. ती का पडली हे कळलं की उरलेल्यांचं वजन कळतं.

पहिलं उत्तर बक्र नावाच्या एका जुन्या बसरी पंडिताचं. तो म्हणे, तान्ह्या मुलांना वेदना होतच नाहीत. देव न्यायी, मूल निष्पाप, मग वेदना असूच शकत नाही. तर्क सरळ आहे, पण ज्याने तापलेलं मूल मांडीवर घेतलंय त्याला तो सांगून बघा. बहुतेकांनी हे मत फेटाळलं, कारण ते डोळ्यांना दिसतं तेच नाकारत होतं. तरी मला ते महत्त्वाचं वाटतं. मुलाच्या दुःखाचा प्रश्न इतका टोचत होता की एका माणसाला दुःखच नाकारावंसं वाटलं.

दुसरं उत्तर मराठी वाचकाच्या ओळखीचं आहे: मागच्या जन्मीचं पाप. संचित, प्रारब्ध हे शब्द आपल्या बोलण्यात इतके मुरलेत की मुसलमान घरांतही ते सहज तोंडी येतात. इस्लामी जगात या कल्पनेला 'तनासुख' म्हणत, आणि मुअतझिलांच्या कडेला वावरणाऱ्या एक-दोघांनी मुलांच्या दुःखासाठी ती उचललीही होती. मुख्य प्रवाहाने ती साफ नाकारली. काझी अब्दुल जब्बार तर तिच्याशी सविस्तर वाद घालतो. त्याची एक हरकत अशी: मागच्या जन्मी आपण शहाणे, जबाबदार होतो, तर त्यातलं काहीतरी आठवायला हवं होतं. त्याहून खोल मुद्दा असा की वेदनेला एकच कारण असतं, ते म्हणजे शिक्षा, हे गृहीतच त्याला मान्य नव्हतं. आपण कडू औषध पितो, परगावी कष्टाचा प्रवास करतो, ती काही शिक्षा नसते.

म्हणून वाचताना 'कर्माचं फळ' हे शब्द मनात आले की थांबा. इथे त्या दारातून कोणी जाणार नाही.

## पायरी 4 : मुअतझिलांचा हिशेब एकदा पूर्ण मांडून बघा

काझी अब्दुल जब्बार हा रय शहराचा, म्हणजे आजच्या तेहरानजवळचा मुख्य न्यायाधीश. मृत्यू 1025 चा. त्याचा 'अल-मुग्नी' हा वीस खंडांचा ग्रंथ कित्येक शतकं हरवल्यासारखाच होता. 1950 च्या दशकात येमेनमध्ये त्याच्या बऱ्याच खंडांची हस्तलिखितं मिळाली आणि मग ती कैरोत छापली गेली. त्याआधी मुअतझिलांबद्दल जे लिहिलं जाई ते बरंचसं त्यांच्या विरोधकांच्या तोंडून आलेलं. जुनं पुस्तक हाती आलं तर हे लक्षात ठेवा.

आता माझ्या भाच्याचं उदाहरण घेऊन या काझीच्या पद्धतीने पुढे जाते.

वेदना खरी होती का? होती. कोणी दिली? ताप माणसाने दिलेला नाही, म्हणून तिची जबाबदारी देवाकडे जाते. हीच वेदना कोणी मारहाण करून दिली असती तर ती त्या माणसाच्या खात्यावर गेली असती. आता, देवाने दिलेली वेदना जुल्म नाही असं म्हणायला आधार काय? ती शिक्षा आहे का? मूल निष्पाप, म्हणजे नाही. मोठी हानी टाळायला दिली का? डॉक्टर सुई टोचतो ती त्यासाठीच, पण देवाला हानी टाळायला वेदनेची गरज काय? तो तशीही टाळू शकतो. मग उरला लाभ.

हा लाभ म्हणजे 'इवज'. आपल्या मराठीतल्या 'ऐवज' आणि 'एवजी'च्या मुळाशी हाच शब्द आहे: एकाच्या बदल्यात दुसरं. परलोकात मुलाला त्याच्या वेदनेची भरपाई मिळते, आणि ती देणं देवावर बंधनकारक आहे. किती? इतकी, की शहाणपण आलेल्या त्या मुलासमोर दोन्ही गोष्टी ठेवल्या तर 'मी ती वेदना सोसतो, मला हे द्या' असं ते स्वतः म्हणेल. पुण्याईचं बक्षीस ते हे नाही. बक्षिसासोबत मानमरातब येतो, इवज नुसती भरपाई असते. म्हणून ती जनावरांनाही मिळते. 'सहीह मुस्लिम'मधल्या हदीसमध्ये तर न्यायाच्या दिवशी शिंगं नसलेल्या मेंढीला शिंगवालीकडून तिचं येणं मिळतं असं आहे.

इथे बहुतेक वाचक थांबतात, आणि मीही थांबले होते. पण खरी चर्चा यानंतर सुरू होते. बसऱ्याचे अबू अली अल-जुब्बाई (मृत्यू सुमारे 915) म्हणत की भरपाई मिळाली की पुरे. त्यांचेच चिरंजीव अबू हाशिम म्हणाले, पुरे नाही. देवाला ते सुख मुलाला फुकटही देता आलं असतं, मग मध्ये वेदना कशाला? एखाद्याला मजुरी देऊन नदीचं पाणी इकडून काढून तिकडे ओतायला लावावं, तसं ते होईल. मजुरी चोख दिली तरी काम व्यर्थच. म्हणून दुसरी अटही हवी: त्या वेदनेतून कुणा मुकल्लफाला जाग यावी, तो सावध व्हावा. उलट आब्बाद नावाचा एक मुअतझिली म्हणत असे की नुसती जाग आली तरी पुरे, भरपाई नको. अब्दुल जब्बारने अबू हाशिमची बाजू घेतली. नुसता बोध असेल तर मुलावर जुल्म होतो, नुसती भरपाई असेल तर वेदना व्यर्थ ठरते. म्हणून दोन्ही हवंत.

हे वाचलं तेव्हा मी वही मिटून बराच वेळ बसले होते. "परीक्षा माझी, मग ताप त्याला का?" हाच तो प्रश्न. आणि इथे कोणीतरी आईच्या परीक्षेच्या नावाखाली मुलाला वापरून घेणं जुल्म आहे असं स्पष्ट म्हणत होतं, आणि मुलाचं खातं आईच्या खात्यापासून वेगळं ठेवत होतं.

हे उत्तर कुठे तोकडं पडतं, तेही लिहून ठेवा. मुलाला कोणी विचारलेलं नाही. 'नंतर ते हो म्हणेल' याला संमती म्हणायचं का? आणि जी जाग आणायची होती ती कमी वेदनेत आली नसती का? पहिल्या प्रश्नावर मुअतझिला म्हणतात की लाभ इतका उघड मोठा असेल तर विचारायची गरज नाही, बापही मुलाला विचारून औषध देत नाही. ते मला अर्धंच पटतं.

## पायरी 5 : तीन भावांची गोष्ट जपून वाचा

या विषयावर काहीही वाचायला घेतलंत की ही गोष्ट भेटतेच. अबुल हसन अल-अशअरी हे जुब्बाईंचे शिष्य. त्यांनी गुरूंना विचारलं: तीन भाऊ, एक श्रद्धावान होऊन मेला, एक नाकारणारा होऊन मेला, एक लहानपणीच गेला. त्यांचं काय? जुब्बाई म्हणाले, पहिला स्वर्गात, दुसरा नरकात, तिसरा सुरक्षित, पण पहिल्याच्या पायरीवर नाही. शिष्य म्हणाला, लहान भाऊ म्हणेल, मला वाढू दिलं असतंस तर मीही चांगली कर्मं केली असती. गुरू म्हणाले, देव सांगेल, मला ठाऊक होतं की तू मोठेपणी नाकारणारा झाला असतास, तुझ्या भल्यासाठीच तुला लवकर नेलं. मग शिष्याने विचारलं, आता नरकातून दुसरा ओरडेल: माझंही तुला ठाऊक होतं, मग मला का लहानपणी नेलं नाहीस? गुरू गप्प झाले, आणि शिष्याने त्यांची साथ सोडली.

गोष्ट धारदार आहे, पण ती इतिहास म्हणून वाचू नका. अशअरींच्या आज उपलब्ध असलेल्या ग्रंथांत ती नाही, नंतरच्या लेखकांत आहे. पुढच्या काळातले मोठे विद्वान गझाली, त्यांच्याकडे ती गुरुशिष्यांच्या नावांशिवाय येते. शिवाय तिचा नेम भलतीकडे लागलाय. 'देवाने प्रत्येकासाठी सगळ्यात हिताचं तेच केलं पाहिजे' हे मत, ज्याला 'अस्लह' म्हणतात, ते इतक्या कडकपणे बगदादचे मुअतझिला मानत. जुब्बाई बसऱ्याचे. त्यांच्या मते धर्माची कर्तव्यं ज्याच्यावर घातली त्याला ती पार पाडायला लागणारी मदत देणं देवावर बंधनकारक होतं, कोणाला किती वर्षं जगवावं हे नव्हे. अशी बंधनंच न मानणाऱ्या माणसाला निरुत्तर झालेलं दाखवणारी ही गोष्ट आहे.

तरी ती टाकू नका. 'मूल लवकर गेलं ते त्याच्या भल्यासाठीच' हे वाक्य आपण सांत्वन म्हणून किती सहज बोलतो. ते प्रत्येकाला लावायला गेलं की कुठे फाटतं, ते ही गोष्ट दाखवते.

## पायरी 6 : अशअरींना कोरडे समजू नका

मुअतझिला आधी वाचले की अशअरी निष्ठुर वाटतात. स्वतः अबुल हसन अशअरींच्या 'अल-लुमा' या छोट्या ग्रंथात प्रश्न आहे: देव परलोकात मुलांना वेदना देऊ शकतो का? उत्तर: दिली तरी तो न्यायीच. मी हे पान वाचून पुस्तक बाजूला ठेवलं होतं. आमचं कोकणी मुसलमानांचं शाफई घर. शाफई परंपरेत अशअरी मतच पिढ्यान्पिढ्या शिकवलं गेलं, आणि ते असं असेल याची मला कल्पना नव्हती.

पुन्हा वाचताना दोन गोष्टी कळल्या. एक, 'करू शकतो' आणि 'करतो' यांत अशअरी काटेकोर फरक करतात. देव काय करणार हे त्याच्या वचनावरून कळतं, आपण त्याच्यावर लादलेल्या नियमावरून नव्हे. दोन, देवाला आपल्या न्यायालयात उभं करायला त्यांचा विरोध आहे. "तो जे करतो त्याबद्दल त्याला विचारलं जात नाही, त्यांना विचारलं जाईल" (21:23) ही आयत त्यांचा कणा आहे. या मताचा एक दिलासाही आहे, आणि मला तो आमच्या घरातच दिसला. मुलाच्या मृत्यूला कारण शोधायचं बंधन उरत नाही. 'कशाबद्दल?' हा प्रश्न आईच्या अंगावर येत नाही.

त्याची किंमत काय, ते मुअतझिलांनीच दाखवलं. चांगलं-वाईट फक्त आज्ञेने ठरत असेल, तर देवाने खोटं वचन देणंही वाईट कसं म्हणणार? मग वचनावर विश्वास कशाच्या जोरावर? अशअरींचं उत्तर असं की देवाचं बोलणं हा त्याचा अनादी गुण आहे आणि सत्य त्या गुणातच आहे, म्हणून तिथे खोट्याला जागा नाही. हे उत्तर पुरतं का, यावर पुढची कित्येक शतकं शाई खर्च झाली. नव्या वाचकाने इथे फार खोल शिरू नये, नुसती खूण करून ठेवावी.

## पायरी 7 : 'हिकमत' आणि गझालींचं ते वाक्य

मराठीत हिकमती माणूस म्हणजे युक्तिबाज. तो अर्थ इथे विसरा. अरबी हिकमत म्हणजे शहाणपण, प्रत्येक गोष्ट तिच्या जागी ठेवणं. समरकंदचे अबू मन्सूर अल-मातुरीदी (मृत्यू 944) या शब्दावर उभे आहेत. हनफी घरांत, म्हणजे दख्खनच्या आणि मराठवाड्याच्या बहुतेक मुसलमान घरांत, परंपरेने यांचं मत चालत आलं. देवावर बंधन काहीच नाही, पण त्याचं कोणतंही काम शहाणपणाबाहेरचं नसतं, आणि ते शहाणपण आपल्याला दिसलं नाही म्हणून ते नाही असं होत नाही. मातुरीदी तर वाईटाकडूनच देवाचा पुरावा काढतात: जग आपोआप घडलं असतं तर प्रत्येक वस्तूने स्वतःसाठी उत्तम तेच निवडलं असतं, कुरूपपण आणि दुखणं कोणी घेतलं असतं?

गझाली (1058–1111) मात्र सावकाश वाचा. 'इह्या' या त्यांच्या चाळीस भागांच्या ग्रंथाच्या पस्तिसाव्या भागात ते म्हणतात की जे आहे त्याहून अधिक सुंदर, अधिक पूर्ण असं काही शक्यच नाही. या वाक्यावर कित्येक शतकं वाद चालला. ज्यांना ते खटकलं ते म्हणत, याहून चांगलं शक्य नाही म्हणजे देवाची शक्ती संपली का? आणि ही तर मुअतझिलांचीच भाषा झाली! पंधराव्या शतकात बिकाई नावाच्या विद्वानाने त्यावर कडाडून टीका केली आणि कैरोच्या सुयूतींनी बचाव लिहिला.

आपल्या उदाहरणाला लागू पडणारा गझालींचा दाखला दुसऱ्या ग्रंथात आहे, देवाच्या नावांवरच्या. लहान मुलाला तुंबडी लावून रक्त काढायचं आहे. आई कळवळून अडवते, बाप जबरदस्तीने लावायला लावतो. अजाण माणसाला वाटतं, आई दयाळू आणि बाप कठोर. शहाण्याला कळतं की ते दुखवणं हीच बापाची पुरी दया. तसंच, सडलेला हात कापणं वरून वाईट दिसतं, पण त्यात सबंध शरीराचं भलं असतं.

दोन दाखले शेजारी ठेवून बघा, भेग दिसेल. तुंबडीचा फायदा त्याच मुलाला होतो. कापलेला हात मात्र कोणी वेगळा जीव नाही, त्याला स्वतःचं सुखदुःख नाही. माझा भाचा जगाच्या शरीराचा हात नव्हता. गझालींच्या मोठ्या चित्रात ज्या क्षणी 'एकूण भलं' येतं, त्या क्षणी मला अब्दुल जब्बारचा वेगळ्या खात्याचा हट्ट आठवतो. तुम्हाला कदाचित उलट वाटेल. पण दोघांमधला फरक नेमका इथे आहे.

शिया वाचकांसाठी एक ओळ. बारा इमाम मानणाऱ्या इस्ना अशरी परंपरेने न्यायाबद्दलचा मुअतझिली विचार बराचसा आपलासा केला, इतका की 'अद्ल' हा तिच्या पाच मूलतत्त्वांपैकी एक आहे. मुंबईच्या खोजा इस्ना अशरी घरातली मुलं ही पाच नावं लहानपणीच पाठ करतात. तुम्ही त्यांतले असाल तर पायरी 4 तुम्हाला घरची वाटेल.

## पायरी 8 : समजावणं आणि सांत्वन वेगळ्या पानांवर ठेवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. कलामचे ग्रंथ 'हे न्यायाशी कसं जुळतं' हे सांगतात. हदीस आणि सबुरीची पुस्तकं 'आता काय करावं' हे सांगतात. ज्याची मुलं लहानपणी गेली त्या आईला ती नरकापासून आड होतील, ही बुखारीतली हदीस सांत्वन आहे. 'म्हणून ती मेली' असं तिच्यात कुठेही म्हटलेलं नाही.

अठराव्या सूरेतली मूसा आणि त्या जाणत्या प्रवाशाची गोष्ट (18:60–82) हीही जपून वापरा. परंपरा त्या प्रवाशाला खिज्र म्हणते. तो एका मुलाला मारतो, मूसा हादरतात, आणि शेवटी कारण सांगितलं जातं. लोक ही गोष्ट 'बघा, कारण असतंच' म्हणून सांगतात. पण कारण कळतं ते मूसांना, तेही गोष्टीच्या शेवटी, आणि ज्याला देवाकडून खास ज्ञान मिळालंय त्याच्याकडून. तुम्हाला किंवा मला दुसऱ्याच्या मुलाबद्दल तसं ज्ञान दिलेलं नाही. आणि मूसांनी आक्षेप घेतला म्हणून त्यांना कोणी अश्रद्ध म्हटलेलं नाही, हेही बघा.

घरात दुःख असेल तेव्हा यातली पायरी 1 ते 7 बाजूला ठेवा आणि एकच प्रसंग वाचा. 632 मध्ये प्रेषितांचा मुलगा इब्राहीम तान्हा असताना वारला. मूल अखेरचे श्वास घेत असताना त्यांचे डोळे भरून आले. सोबत्यांना नवल वाटलं, तुम्हीसुद्धा? ते म्हणाले, डोळे पाणावतात, मन दुःखी होतं, आम्ही आमच्या पालनकर्त्याला आवडेल तेच बोलतो, आणि इब्राहीम, तुझ्या जाण्याने आम्ही दुःखी आहोत. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणू लागले की इब्राहीमच्या मृत्यूमुळे सूर्य झाकोळला. प्रेषितांनी त्यांना थांबवलं: सूर्य आणि चंद्र कोणाच्या मरण्याने किंवा जन्माने झाकोळत नाहीत.